बिटकॉइनच्या ब्लॉकचा मर्कल रूट तपासताय? या चुका टाळा

१२ जानेवारी २००९ रोजी सातोशी नाकामोतोने हॅल फिनीला १० बिटकॉइन पाठवले. एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेलेला बिटकॉइनचा हा पहिला व्यवहार. तो १७० क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये आहे. सातोशीकडचं ५० बिटकॉइनचं एक नाणं त्यात खर्च झालं: १० फिनीला गेले, ४० परत सातोशीकडे आले. ब्लॉकमध्ये त्याशिवाय एकच व्यवहार आहे, ब्लॉक तयार करणाऱ्या माइनरच्या बक्षिसाचा, ज्याला कॉइनबेस म्हणतात. व्यवहारांचे हॅश, म्हणजे बाइटवरून काढलेले ठरावीक लांबीचे ठसे, जोडीजोडीने एकत्र करत वर गेलं की मर्कल झाड बनतं, आणि त्याच्या टोकाचा एकच हॅश म्हणजे मर्कल रूट. इथे झाडाला पानं दोनच आणि त्यांच्यावर थेट रूट. शिकायला याहून सोपा ब्लॉक मला माहीत नाही.

आता समजा, कुणी जुन्या नोंदीत १० चे ११ केले. व्यवहाराच्या बाइटवर एसएचए-२५६ हे हॅश काढायचं सूत्र दोनदा चालवून ३२ बाइटचा व्यवहार क्रमांक निघतो, तो पार बदलेल. दोन्ही क्रमांक जोडून पुन्हा दोनदा हॅश केला की रूट मिळतो, म्हणून तोही बदलेल. रूट बसतो ब्लॉकच्या ८० बाइटच्या मथळ्यात, म्हणजे ब्लॉक हेडरमध्ये, आणि या हेडरचा हॅश १७१ व्या ब्लॉकच्या हेडरमध्ये लिहिलेला आहे. तिथे तो जुळणार नाही आणि फेरफार उघडा पडेल.

हे वाचून पटतं. स्वतः हिशेब करायला बसलं की मात्र पहिल्या प्रयत्नात रूट सहसा जुळत नाही, आणि ब्लॉकमध्येच काही गडबड असल्याचा संशय येतो. ब्लॉक ठीक असतो, चूक बाइटमध्ये असते. बरोबर हिशेब असा:

```python
from hashlib import sha256

def dsha(x):
    return sha256(sha256(x).digest()).digest()

a = "b1fea52486ce0c62bb442b530a3f0132b826c74e473d1f2c220bfa78111c5082"
b = "f4184fc596403b9d638783cf57adfe4c75c605f6356fbc91338530e9831e9e16"

x = bytes.fromhex(a)[::-1] + bytes.fromhex(b)[::-1]
print(len(x), dsha(x)[::-1].hex())
```

उत्तर यायला हवं ते हे:

```
64 7dac2c5666815c17a3b36427de37bb9d2e2c5ccec3f8633eb91a4205cb4c10ff
```

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे पडद्यावर दिसणारी अक्षरंच हॅश करणं. `f4184f...` ही ६४ अक्षरं दिसतात, पण तो आकडा ३२ बाइटचा आहे. `(a + b).encode()` लिहिलंत तर ६४ ऐवजी १२८ बाइट हॅश होतात. म्हणूनच वर `len(x)` छापून घेतलं आहे. आतल्या हॅशला `.digest()` ऐवजी `.hexdigest()` लावलं तरी हाच घोळ होतो.

दुसरी चूक बाइटच्या क्रमाची. बिटकॉइनमध्ये हॅश पडद्यावर उलट्या क्रमाने दाखवण्याची पद्धत पडली आहे. झाडात मात्र तो सुलट जातो. म्हणून जोडण्याआधी दोन्ही क्रमांक `[::-1]` ने फिरवायचे आणि उत्तर आलं की तेही फिरवायचं. यातलं एक जरी राहिलं तरी उत्तर चुकतं.

खरी अडचण अशी, की चुकीचं उत्तरही बरोबर उत्तराइतकंच विस्कळीत दिसतं. एक बिट चुकला काय किंवा सगळंच चुकलं काय, आपण किती जवळ आलो होतो हे हॅश सांगत नाही. त्यामुळे उत्तराकडे बघत बसण्यात अर्थ नाही, एकेक पायरी वेगळी तपासावी लागते. आधी रूट बाजूला ठेवा आणि एकाच व्यवहाराच्या कच्च्या बाइटवरून त्याचा क्रमांक काढून बघा. तो जुळला तर दुहेरी हॅश आणि उलटा क्रम या दोन्ही गोष्टी बरोबर आहेत, आणि चूक फक्त जोडणीत उरली. ही चाचणी जुन्या व्यवहारावरच घ्या. ऑगस्ट २०१७ मध्ये सेगविट हा बदल आल्यापासून अनेक व्यवहारांच्या सह्या वेगळ्या भागात जातात आणि क्रमांक काढताना तो भाग वगळला जातो. कच्चे बाइट जसेच्या तसे हॅश केले तर तिथे दुसराच क्रमांक मिळतो. त्या सह्याही मोकळ्या सोडलेल्या नाहीत. त्यांच्यासाठी दुसरं मर्कल झाड असतं आणि त्याच्या रूटची बांधिलकी कॉइनबेस व्यवहारात नोंदवलेली असते.

पानांची संख्या विषम असेल तर बिटकॉइन शेवटचा हॅश त्याच्याच जोडीला धरतो. हा नियम फक्त तळाच्या ओळीला लागतो असं समजणं ही आणखी एक नेहमीची चूक. सहा व्यवहार घ्या. तळाला तीन जोड्या सरळ लागतात, पण वरच्या ओळीत तीनच हॅश उरतात आणि तिथे तिसऱ्याची दुप्पट करावी लागते. आता १, २, ३, ४, ५, ६ च्या पुढे ५, ६ पुन्हा लिहून आठ व्यवहारांची यादी करा. दुसऱ्या ओळीत आधी जे दुप्पट करून मिळत होतं तेच आता आपोआप मिळतं, आणि दोन वेगळ्या याद्यांचा रूट एकच येतो!

२०१२ मध्ये हीच फट CVE-2012-2459 या नावाने नोंदली गेली. हल्लेखोर खऱ्या ब्लॉकमधले व्यवहार असे दुप्पट करून नोडला, म्हणजे बिटकॉइनचं जाळं चालवणाऱ्या संगणकाला, पाठवू शकत होता. नोड तो ब्लॉक अवैध ठरवायचा आणि त्याचा हॅश अवैध म्हणून लक्षात ठेवायचा. मग खरा ब्लॉक आला, की हॅश तोच असल्यामुळे त्यालाही नकार. उपाय म्हणून झाड बांधताना शेजारचे दोन हॅश सारखे आहेत का हे तपासलं जाऊ लागलं. तुम्ही स्वतः तपासणीचा कोड लिहिणार असाल तर ही तपासणी गाळू नका. रूट जुळला म्हणजे यादी तीच आहे, असं या एका ठिकाणी म्हणता येत नाही.

आतापर्यंतच्या बहुतेक चुका खोटी भीती दाखवणाऱ्या होत्या. मला जास्त काळजी वाटते ती खोटा दिलासा देणाऱ्या चुकीची. अनेक जण व्यवहार, त्याचा मर्कल मार्ग, म्हणजे त्या व्यवहारापासून रूटपर्यंत पोचायला लागणारे शेजारचे हॅश, आणि ज्याच्याशी ताडायचं तो रूट, हे तिन्ही एकाच सर्व्हरकडून घेतात. हिशेब जुळतो आणि हिरवी खूण दिसते. पण ज्याने १० चे ११ केले तो नवा रूटही काढून देऊच शकतो. त्याला दोन हॅश काढायचे आहेत, त्यात कष्ट कसले? इतकंच काय, १७० वा ब्लॉक पुन्हा माइन करणं, म्हणजे ठरलेल्या मर्यादेखालचा हॅश मिळेपर्यंत हेडर बदलत राहणं, हेही आज अवघड नाही. तेव्हा माइनिंग किती अवघड हे सांगणारी काठिण्यपातळी १ होती, म्हणजे सरासरी ४३० कोटी प्रयत्न, आणि ते एका साध्या संगणकाच्या आवाक्यात आहेत. बदललेल्या व्यवहारावर सातोशीची सही जुळणार नाही, त्यामुळे पूर्ण नोड तो तिथेच फेकून देईल. फक्त मर्कल मार्ग बघणारं हलकं वॉलेट मात्र सह्या तपासत नाही.

त्याला वाचवतं ते पुढचं काम. १७० वा ब्लॉक बदलला की १७१ वा पुन्हा माइन करावा लागतो, मग १७२ वा, असं थेट आजपर्यंत. आजची काठिण्यपातळी तेव्हाच्या १०० लाख कोटी पटींच्या घरात आहे. म्हणून रूट घ्यायचा तो स्वतः तपासलेल्या हेडरच्या साखळीतून. हेडर ८० बाइटचा, म्हणजे ९ लाख हेडर ७२ एमबीत मावतात, फोनलाही झेपतील एवढे. प्रत्येक हेडरमध्ये आधीच्याचा हॅश बरोबर आहे ना, त्याचा स्वतःचा हॅश ठरलेल्या मर्यादेखाली आहे ना आणि ती मर्यादा नियमाप्रमाणे बदलत आली आहे ना, हे बघायचं. हेडरही एकाच ठिकाणाहून घेऊ नका. तीन-चार वेगळ्या नोडना विचारा आणि ज्या साखळीवर सर्वांत जास्त काम झालंय ती धरा. एवढं झालं की २,००० व्यवहारांच्या ब्लॉकमधला आपला व्यवहार तपासायला ११ हॅश पुरतात, म्हणजे ३५२ बाइट. ते कुणीही दिले तरी चालतील.