मानकुराद विकायला काढलात? पोस्टमधल्या या चुका टाळा

मे महिन्यात गोव्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर आंब्यांच्या पोस्टी येतात, त्या बहुतेक अशा असतात:

«नमस्कार मंडळी! आमच्या सत्तरीच्या शेतकरी गटाचे अस्सल गावठी मानकुराद आले आहेत. रसायनमुक्त, साखरेसारखे गोड. स्टॉक मर्यादित, त्वरा करा. भाव योग्य. घरपोचचीही सोय होऊ शकते. संपर्क साधा.»

आंबा चांगला असेलही, पण ही पोस्ट वाचून कोणाला पेटी ठरवता येणार नाही. खाली पाच जण «रेट?» विचारतात, दोघे «कुठे मिळतील?» विचारतात, आणि गटातला एक जण दिवसभर तीच उत्तरे देत बसतो. एकच प्रश्न तिघांनी विचारला, तर ती माहिती पोस्टमध्ये नाही असे समजावे.

सगळ्यात मोठा घोळ डझनाचा. मानकुराद आपल्याकडे डझनावर विकला जातो, पण एकाच झाडाचे आंबेही सारख्या आकाराचे नसतात. नुसते «१,२०० रुपये डझन» लिहिले, तर घेणाऱ्याच्या मनात मोठा आंबा असतो आणि पेटीत मध्यम निघाला की वाद होतो. म्हणून आधी माल निवडून दोन ढीग करा. प्रत्येक ढिगातले बारा आंबे तराजूवर ठेवा आणि डझनाचे वजन पोस्टमध्ये द्या. मोठ्यांचे डझन तीन किलोच्या आसपास भरले, तर आंबा साधारण पाव किलोचा. हे एक वाक्य असले की भाव महाग की स्वस्त ते घेणारा स्वतः ठरवतो. «भाव पर्सनलवर» तर लिहूच नये. वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना वेगळा दर सांगत असतील, अशी शंका लोकांना येते.

दुसरी चूक म्हणजे आंबा कोणत्या अवस्थेत आहे ते न सांगणे. आढीत घालायचा आहे की उद्या खाता येईल? उतरवल्याची तारीख आणि खाण्याजोगा होण्याचा अंदाज, दोन्ही लिहा. «रसायनमुक्त» या शब्दापेक्षा «गवताच्या आढीत पिकवले, कार्बाइड नाही» हे जास्त उपयोगी. कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदीच आहे, त्यामुळे तुम्ही काय केले तेच लोकांना वाचायचे असते. वळवाच्या सरी पडू लागल्या की फळमाशीची अळी वाढते आणि ती बाहेरून दिसत नाही. अळीचे फळ निघाले तर बदलून देणार की पैसे वजा करणार, हे आधीच ठरवून लिहा.

नेण्याच्या जागेबाबत «फोंड्याला मिळतील» पुरत नाही. जागा, खूण, वार, तारीख आणि वेळेची दोन्ही टोके हवीत. गटाकडे ४० डझन माल आहे असे धरू. भाव इथे नमुन्यासाठी घेतले आहेत. मग तीच पोस्ट अशी होईल:

«मानकुराद आंबे. मोठे १,२०० रु. डझन (डझनाचे वजन सुमारे ३ किलो), मध्यम ८०० रु. डझन (सुमारे २ किलो). पेटीचे वेगळे पैसे नाहीत.
एकूण मोठे २६ डझन, मध्यम १४ डझन. एका घराला जास्तीत जास्त ३ डझन.
बुधवार, ७ मे रोजी उतरवले, गवताच्या आढीत आहेत. सोमवारपासून खाता येतील.
नेण्याची जागा: फोंडा कदंब बसस्थानक, मुख्य प्रवेशद्वार, पांढरा टेंपो. शनिवार, १० मे, दुपारी ४ ते ६. घरपोच नाही.
मागणी शुक्रवारी रात्री ८ पर्यंत, फक्त खालच्या नंबरवर: नाव, मोठे की मध्यम, किती डझन. निम्मे पैसे आगाऊ, बाकीचे पेटी घेताना. अळीचे फळ निघाले तर फोटो पाठवा, त्या फळाचे पैसे परत.»

भाव पहिल्या ओळीत मुद्दाम घेतला आहे, कारण लांब मेसेज ग्रुपवर अर्धाच दिसतो. घरपोच नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. «होऊ शकते» म्हटले की प्रत्येक जण आपल्या दारात गाडीची वाट पाहतो. मागण्यांची वही एकाच माणसाकडे असू द्या. दोघांनी मागण्या घेतल्या तर शेवटची पेटी दोघांना विकली जाते. आढीत थोडी फळे खराब होतातच, म्हणून मोजलेल्या ४० डझनांपैकी दोन-तीन डझन हातचे राखून बाकीच्याच मागण्या घ्या. शनिवारी ते उरले, तर टेंपोवरच विकता येतात.

माल संपला की काय करायचे, हे बरेच गट विसरतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांनंतर बदलता येत नाही, आणि तो तोवर दुसऱ्या ग्रुपांवर गेलेला असतो. त्यामुळे पोस्टमध्ये तारीख हवीच. मोठे आंबे संपताच त्याच पोस्टला उत्तर म्हणून लिहा: «मोठे संपले. मध्यम ५ डझन शिल्लक. गुरुवार, सायंकाळी ७.»