बॅरल नुसतं रिकामं करू नका, घासा

आमच्या शिवाजी पेठेतल्या घरी मागच्या पावसाळ्यात दर रविवारी बॅरल ओतून पुन्हा भरायचो, तरी चार-पाच दिवसांनी पाण्यात वळवळ दिसायचीच. कारण डेंग्यूच्या डासाची मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेलगत, आतल्या भिंतीला. ती चिकटून बसतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात.

१. आठवड्यातून एक वार ठरवा. अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून वार चुकवू नका.
२. पाणी झाडांना घाला. मग काथ्यानं किंवा ब्रशनं आतली कड दाबून घासा, विशेषतः जिथं पाण्याचा डाग उमटलाय तिथं.
३. धुऊन भरा, तोंडाला सुती कापड घट्ट बांधा. नुसत्या झाकणाला फट राहते.

फ्रिजच्या मागचा ट्रेही त्याच दिवशी काढा. आमच्याकडे खरा कारखाना तिथंच निघाला!

एकदम चढलेला ताप, डोळ्यांच्या मागं ठणका आणि अंग मोडून येणं दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. पहिल्या पाच दिवसांत डेंग्यू ओळखायला रक्ताची एनएस१ तपासणी उपयोगी पडते.

जपायचं ते एवढंच: तापाला मनानं अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. ताप उतरताना पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर थेट दवाखाना गाठा.