रेघा नसलेल्या हस्तलिखित तक्त्यातून नोंदी जुळवताना या चुका टाळा

खानदेशात कापसाच्या खेडा खरेदीच्या जुन्या वह्या पाहिल्या, तर बहुतेकांत एकच मांडणी आढळते. डावीकडे शेतकऱ्याचे नाव, मग वजन, मग भाव आणि उजव्या टोकाला रक्कम लिहिलेली असते. उभ्या-आडव्या रेघा नसतात. रकाने केवळ मोकळ्या जागेवरून ओळखायचे असतात. लिहिणाऱ्याला ते पुरेसे होते, कारण त्याचा हात कुठे थांबतो हे त्याला ठाऊक होते. अशा पानाचा फोटो काढून ते संगणकावर उतरवू लागले, की अक्षर वाचण्यापेक्षाही मोठी अडचण समोर येते, ती म्हणजे कोणती रक्कम कोणत्या नावाची हे ठरवण्याची. या लेखात एवढ्याच अडचणीचा विचार केला आहे.

एक पान उदाहरणासाठी घेऊ. ए-४ आकाराचे पान ३०० डीपीआयने स्कॅन केले, तर चित्र साधारण २४८० पिक्सेल रुंद होते. या पानावर दोन नोंदींमध्ये सुमारे ९० पिक्सेलचे अंतर आहे. नावांचा मध्य डावीकडून ३०० पिक्सेलवर, वजनाचा १०००, भावाचा १४५० आणि रकमेचा २१०० पिक्सेलवर येतो. पुष्कळ हातांची सवय असते तशी येथेही प्रत्येक ओळ उजवीकडे जाताना वर चढते. नावापासून रकमेपर्यंत ती एकूण ७० पिक्सेल चढते. डोळ्यांना हा चढ जेमतेम दोन अंशांचा दिसतो आणि म्हणूनच तो फसवतो.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पानाच्या आडव्या समान पट्ट्या पाडणे, किंवा प्रत्येक नावासाठी त्याच उंचीवरची सर्वांत जवळची रक्कम उचलणे. वरच्या पानावर तसे केले तर काय होते ते पाहावे. नावापासून त्याची स्वतःची रक्कम ७० पिक्सेल वर आहे. मात्र खालच्या नोंदीची रक्कम, तीही ७० पिक्सेल वर सरकलेली असल्यामुळे, या नावापासून अवघी २० पिक्सेल खाली पडते. त्यामुळे प्रत्येक नावाला पुढच्या माणसाची रक्कम मिळते. वजन केवळ २७ पिक्सेल चढलेले असल्याने ते मात्र योग्य नावाशी जुळते. भाव सुमारे ४५ पिक्सेल चढलेला, म्हणजे दोन ओळींच्या बरोबर मधोमध असतो. तो कधी वरच्या नोंदीत जातो, कधी खालच्या. एकाच नोंदीत वजन खरे, भाव अनिश्चित आणि रक्कम परकी, असा हा गोंधळ असतो.

पानावरच्या चार नोंदी प्रत्यक्षात अशा आहेत असे धरू:

```
पाटील    ४.२०   ७१००   २९,८२०
महाजन    ६.३५   ७१००   ४५,०८५
सोनवणे   ३.८०   ७०५०   २६,७९०
चौधरी    ५.१०   ७१००   ३६,२१०
```

चुकीच्या जुळणीत पाटलांच्या नावापुढे ४५,०८५ येतात, महाजनांपुढे २६,७९० आणि सोनवण्यांपुढे ३६,२१०. सर्वांत वरची २९,८२० ही रक्कम बेवारस राहते आणि पुष्कळ वेळा ती शीर्षकाचा भाग समजून टाकून दिली जाते. शेवटच्या चौधरींपुढे जागा रिकामी दिसते. वर एक अनाथ आकडा आणि खाली एक अनाथ नाव ही एका ओळीच्या घसरणीची नेहमीची खूण आहे. ती दिसली, की बाकीचे पान कितीही नीटनेटके वाटले तरी त्यावर विश्वास ठेवू नये.

येथेच दुसरी चूक होते. पुष्कळ जण रकमेच्या रकान्याची बेरीज पानाखालच्या एकूण रकमेशी ताडून पाहतात, आणि १,३७,९०५ जुळले की समाधान मानतात. ही बेरीज रकान्याची असते, नोंदींची नव्हे. आकडे वरखाली सरकले तरी ती तशीच राहते. त्यामुळे आकडा चुकीचा वाचला किंवा वगळला गेला तर ती सांगेल, पण ओळ घसरली हे कधीच सांगणार नाही. नोंदीची परीक्षा नोंदीच्या आतच घ्यावी लागते. रकमेला वजनाने भागावे आणि येणारा भाव पाहावा. ४५,०८५ भागिले ४.२० केले तर सुमारे १०,७३४ येतात, आणि २६,७९० भागिले ६.३५ केले तर सुमारे ४,२१९. एकाच पानावर, शेजारच्या दोन नोंदींत असा भाव असणे शक्य नाही. भावाच्या रकान्यावरून मात्र परीक्षा घेऊ नये. एका दिवसाचे भाव जवळजवळ सारखेच असल्यामुळे तो रकाना घसरला तरी तसाच दिसतो.

मग जुळवणी कशी करावी? नावावरून थेट रकमेवर उडी न मारता शेजारच्या रकान्यावर जावे. नावावरून वजनावर, वजनावरून भावावर, भावावरून रकमेवर. आपल्या पानावर या तीन टप्प्यांत ओळ अनुक्रमे सुमारे २७, १८ आणि २५ पिक्सेल चढते. दोन नोंदींतील अंतराच्या निम्मे, म्हणजे ४५ पिक्सेल, ही येथे मर्यादा आहे. एका टप्प्यातील चढ या मर्यादेच्या पुष्कळ आत असेल, तर सर्वांत जवळचा शेजारी हाच खरा शेजारी ठरतो आणि पानाचा एकूण चढ आधी ठाऊक असण्याची गरज उरत नाही.

ही साखळी तुटते ती रिकाम्या जागेपाशी. भाव लिहायचा राहून गेला असेल, तर वजनावरून सरळ रकमेवर जावे लागते. हे अंतर ११०० पिक्सेलचे असून त्यात ओळ सुमारे ४३ पिक्सेल चढते, म्हणजे मर्यादेला जवळजवळ टेकते. ज्या नोंदीत काही गहाळ आहे, नेमकी तीच नोंद चुकीच्या रकमेला जाऊन मिळण्याची भीती सर्वांत जास्त असते. अशा ठिकाणी वरच्या आणि खालच्या पूर्ण नोंदींची साखळी आधी पक्की करून, त्या दोन्हींच्या चढाची सरासरी मधल्या नोंदीला लावावी.

भावाच्या जागी पुष्कळदा ‘वरीलप्रमाणे’ या अर्थाच्या दोन बारीक रेघा असतात. चित्र स्वच्छ करताना ठराविक आकाराखालचे सर्व ठिपके पुसण्याची सोय वापरली, तर त्या रेघा कचरा म्हणून जातात, आणि त्यांच्याबरोबर दशांश चिन्हेही. ६.३५ चे ६३५ होते आणि भरलेली जागा रिकामी दिसू लागते. म्हणून रकाने ठरेपर्यंत सफाई करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

संपूर्ण पान आधी सरळ करून घेतले की प्रश्न सुटेल, हा समजही तपासून घ्यायला हवा. कागदाची कड सरळ केल्याने हाताचा चढ जात नाही, आणि तो चढ पानाच्या वरच्या भागात एक व खाली दुसरा असू शकतो. चढ मोजून दुरुस्त करायचा असेल, तर प्रत्येक शब्दाभोवती चौकट आखून तिचे उभे ठिकाण पुढील सूत्राने बदलावे. येथे x हे डावीकडून मोजलेले अंतर आहे, ३०० हा नावांचा मध्य आहे, y खालच्या दिशेने वाढतो आणि m हा चढ आहे. आपल्या पानावर तो ७० भागिले १८००, म्हणजे सुमारे ०.०३९ आहे.

```
y2 = y + m * (x - 300)
```

काही जण m च्या अनेक किमती घालून, ज्या किमतीला y2 चे आकडे सर्वांत घट्ट झुपक्यांत जमतात ती किंमत निवडतात. ही पद्धत चांगली आहे, पण केवळ नावे आणि रकमा घेऊन वापरली तर ती दगा देते. m ची किंमत उणे ०.०११ धरली, तर प्रत्येक नाव पुढच्या नोंदीच्या रकमेशी तितक्याच घट्टपणे जमते. शिवाय हा चढ लहान असल्याने तो अधिक पटण्यासारखा वाटतो. मधले रकाने हिशेबात घेतले की हा खोटा मेळ उघडा पडतो, कारण त्या किमतीला वजन आपल्या झुपक्यापासून ३५ पिक्सेल दूर राहते.

शब्दाची उंची कुठून मोजायची, हेही येथे ठरवून घ्यावे लागते. चौकटीचा मध्य घेतला तर वेलांटी आणि मात्रा असलेले नाव वर सरकते, उकार असलेले खाली, आणि आकडा मध्येच राहतो. एकट्या वरच्या मात्रेमुळे मध्य दहाएक पिक्सेल सहज हलतो. २७ पिक्सेलच्या चढात त्यांची भर पडली की मर्यादेपर्यंतची मोकळीक निम्म्याहून अधिक संपते. नावांसाठी शिरोरेघ आणि आकड्यांसाठी त्यांची वरची कड घेणे अधिक सुरक्षित आहे. घाईच्या हाताने शिरोरेघ गाळली असेल, तर शब्दातील सर्वांत दाट शाईची आडवी पट्टी धरावी.

चौकटी मिळवण्यासाठी चित्रातील मजकूर वाचणारे टेसरॅक्ट हे साधन वापरणार असाल, तर त्याची नेहमीची पद्धत अशा पानावर रुंद मोकळी जागा पाहून प्रत्येक रकाना वेगळा मजकूर समजू शकते. मग आधी सर्व नावे आणि नंतर सर्व वजने हाती येतात. विखुरलेल्या मजकुराची पद्धत निवडून शब्दांची ठिकाणे मागावीत:

```
tesseract pan.png pan -l mar --psm 11 tsv
```

हे साधन मुख्यतः छापील मजकुरासाठी घडवलेले आहे. त्याने वाचलेला हस्तलिखित मजकूर सोडून द्यावा, `left`, `top`, `width` आणि `height` हे चार रकाने तेवढे घ्यावेत, आणि चौकटी चित्रावर आखून एकदा डोळ्यांखालून घालाव्यात. पंचवीस-तीस नोंदींच्या पानासाठी चौकटी हाताने आखणेही फार वेळखाऊ नाही. आकडे माणसाने वाचून भरावेत.

रकाने ठरवताना एकेका ओळीतील मोकळ्या जागा मोजू नयेत, कारण लांब नाव वजनाच्या रकान्यात घुसते आणि नाव व आडनाव यांतील जागा रकान्याच्या जागेइतकी रुंद भासते. सर्व नोंदी एकत्र घेऊन कोणत्या उभ्या पट्टीत जवळजवळ कुठेच शाई नाही हे पाहावे. नावाखाली ‘रा. पारोळा’ किंवा ‘हस्ते’ अशी बारीक ओळ असेल, तर ती नवी नोंद नव्हे. तिच्यापुढे वजन नसते आणि वरच्या ओळीपासूनचे तिचे अंतर ९० च्या निम्म्याइतके असते. या दोन्ही खुणा पटल्या तरच ती वरच्या नोंदीला जोडावी.

वजन लिहिण्याची रीतही एकदा निश्चित करावी. ४-५ म्हणजे चार क्विंटल पाच किलो असेल, तर ते ४.०५ होते, ४.५ नव्हे. ७१०० च्या भावाने या दोहोंत ३,१९५ रुपयांचा फरक पडतो, आणि तो ओळ घसरल्यासारखाच दिसतो. फरक एकाच नोंदीत असेल तर दोष वाचनात आहे. तो सलग नोंदींत असेल आणि रक्कम एक ओळ वर किंवा खाली सरकवताच नाहीसा होत असेल, तर दोष जुळणीत आहे. काही वह्यांत हमाली किंवा तोलाई वजा करून रक्कम मांडलेली असते. तेव्हा गुणाकार पूर्ण जुळत नाही, पण फरक सर्व नोंदींत लहान आणि एकाच दिशेचा राहतो.

ज्या पानावर रक्कमच नाही, केवळ नावे, वजने आणि सर्वांना सारखा भाव आहे, तेथे हिशेबाची ही परीक्षा उपलब्ध नसते. साखळी लागली तरी ती सिद्ध करता येत नाही. अशा नोंदींपुढे ‘शंका’ असा वेगळा रकाना ठेवून, काट्याची पावती सापडेपर्यंत तो तसाच राहू द्यावा.