परीक्षेच्या महिन्यात जिम: वजन तेच, सेट निम्मे

परीक्षा जवळ आली म्हणून जिम बंद करू नका, सेट कमी करा. उचलता ते वजन तेवढंच ठेवा. पाचऐवजी आठवड्यात दोन-तीन दिवस जा आणि चारऐवजी दोन सेट मारा. चाळीस मिनिटांत आटोपतं आणि कमावलेली ताकद महिनाभर टिकते. वेळ संध्याकाळी साडेपाचची बरी. दुपारभर वाचून डोकं जड झालेलं असतं, तीच ओळ तिसऱ्यांदा वाचली जात असते. पेपरच्या आधीचे दोन-तीन दिवस मात्र स्क्वॉट्स नकोत. पाय दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दुखतात, आणि तुम्हाला तीन तास बाकावर बसायचं असतं.

घरी आल्यावर मोडाचे मूग. सकाळी भिजत घाला, रात्री उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधा, दुसऱ्या संध्याकाळी मोड आलेले असतात. मोहरी-हिंगाची फोडणी, वाटीभर मूग, मीठ, पाण्याचा हबका, झाकण ठेवून सात-आठ मिनिटं. वरून लिंबू, सोबत दही आणि सकाळची पोळी. अंडी खात असाल तर दोन उकडा. मग रात्री थोडा वरणभात पुरतो, आणि नऊला पुन्हा पुस्तक उघडल्यावर झापड येत नाही.