उन्हाळ्याआधी गोठ्यातली कोणती गाय कमी करायची?

बाजारात गाय ओळखली जाते ती व्यायल्यानंतरच्या दुसऱ्या महिन्यातल्या दुधावर. "वीस लिटरची आहे" म्हटलं की सौदा पुढे सरकतो. ते वीस लिटर किती दिवस टिकलं, पुढच्या वेताला किती महिने लागले, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. डेअरीच्या पावतीवर अख्ख्या गोठ्याचं एकत्र दूध येतं, त्यात कोणाचा वाटा किती हे कुठेच लिहिलेलं नसतं.

माघ संपत आला की हा हिशोब मांडायची वेळ होते. एप्रिलपासून हिरवा चारा तुटतो, कडबा आणि मूरघास मोजून पुरवावा लागतो, म्हणून किती तोंडं उन्हाळ्यात न्यायची हे आत्ताच ठरवावं लागतं. शिवाय ऊन तापलं की होलस्टीन संकरित गायी सगळ्याच दूध कमी करतात. तेव्हा चांगली कोण आणि नावाला उभी कोण, यातला फरक पुसट होतो. थंडीतली मोजणी जास्त खरी.

मोजणी महिन्यातून एकदा पुरते. दर महिन्याची एक तारीख धरा, समजा पाच. चारच्या संध्याकाळी कास नीट रिकामी करा, मग पाचची सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन्ही धारा प्रत्येक गायीच्या वेगळ्या मोजा. मापाने मोजलं की फेस फसवतो, म्हणून बादली टांगून काट्यावर वजन घ्या आणि रिकाम्या बादलीचं वजन वजा करा. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं. किलोत लिहायचं की लिटरमध्ये हे एकदा ठरवा आणि मग बदलू नका. वासराला पाजलेलं दूधही धरा, नाहीतर ज्या गायीला वासरू सोडता तीच वहीत कमी पडेल. लाळ खुरकूतची लस दिली असेल किंवा खुराक बदलला असेल, तर मोजणी आठ दिवस पुढे ढकला.

वहीत प्रत्येक गायीला एक पान द्या. वर व्यायल्याची तारीख आणि कितवं वेत, खाली महिन्याचं दूध, बाजूला माजाच्या आणि रेतनाच्या तारखा, गाभण तपासणी, आटवल्याची तारीख, दगडी झाली असेल तर कोणत्या सडाला. बहुतेक जण दूध लिहितात आणि माजाची तारीख सोडतात. निर्णय मात्र त्याच रकान्यावर होतो. तो कसा, ते आमच्या गोठ्यातल्या दोन गायींवरून सांगतो.

गौरीचं मागच्या वेतातलं महिनेवार दूध असं होतं: १८, २०, १८.५, १७, १५.५, १४, १२.५, ११, ९.५, ८, ६.५ आणि ५ लिटर. बेरीज १५५.५. प्रत्येक मोजणी ३० दिवसांची धरली की वेताचं दूध ४,६६५ लिटर होतं. मैना कधी साडेचौदाच्या वर गेली नाही. तिचे दहा महिने १३, १४.५, १४, १३, १२, ११.५, १०.५, ९.५, ८.५, ७.५, म्हणजे ३,४२० लिटर. एवढ्यावर कोणीही मैनाला विकायला काढेल. आम्हीही काढणारच होतो.

आता त्यात पुढच्या वेताची तारीख घाला. गौरी ५६० दिवसांनी पुन्हा व्यायली, मैना ३९० दिवसांनी. वेताचं दूध दोन वेतांतल्या दिवसांनी भागलं, तर गौरीचं रोज ८.३ लिटर पडतं आणि मैनाचं ८.८. वीस लिटरची गाय साडेचौदावालीच्या मागे पडली. गौरी २०० दिवस भाकड उभी होती, मैना ९०. त्या जास्तीच्या ११० दिवसांची वैरण दिवसाला शंभर रुपये धरली तरी अकरा हजार होतात. दूध सगळ्यात जास्त होतं त्या दिवसांत गौरीला जो जादा खुराक लागला, तो वेगळाच.

तरीही एवढ्यावर गौरीला दावं सोडायचं नाही. ५६० मधून गाभणपणाचे २८० दिवस वजा केले की ती व्यायल्यानंतर २८० व्या दिवशी गाभण राहिली एवढंच कळतं. का उशीर झाला, ते तारखांत बघा. पहिलं रेतनच पाचव्या महिन्यात झालं असेल, तर माज कोणी पाहिलाच नाही, हा दोष गायीचा नाही. माज बहुतेकदा रात्री किंवा पहाटे दिसतो आणि बांधलेल्या गायीचा सहज निसटतो. पण गौरीचं पहिलं रेतन ७० व्या दिवशी झालं होतं. त्यानंतर ती २१-२२ दिवसांनी उलटत राहिली, मध्ये डॉक्टरांचे उपचार झाले, आणि त्याच्या आधीच्या वेतातही असंच झालं होतं. दोन वेतं सारखी निघाली तर ती गायीचीच खोड समजायची. एकाच वेताचं पान असेल तर अजून एक संधी द्या.

पहिलारू गायीच्या बाबतीत सगळ्यात जास्त चुका होतात. पहिल्या वेतात गाय तिच्या पूर्ण ताकदीच्या ७० ते ७५ टक्केच दूध देते. आमची चिमी दुसऱ्या महिन्यात ११ लिटरवर होती, गोठ्यात सगळ्यात खाली. ११ ला ०.७५ ने भागलं की साडेचौदा येतात, म्हणजे ती मैनाच्या बरोबरीची. शिवाय पहिलारूचं दूध हळू उतरतं. पहिल्या वेतावरून विकायचीच असेल, तर हा हिशोब करूनही ती खूप मागे राहिली पाहिजे.

एखाद्या महिन्यात दूध दोन-तीन लिटरने पडलं तर शेजारची पानं उलटा. सगळ्यांचंच पडलं असेल तर चारा, पाणी किंवा ऊन बघा. एकटीचंच पडलं असेल तर कास दाबून बघा. दुधाचा कळस गेल्यावर महिन्याला दहा टक्क्यांच्या आसपास उतरणं स्वाभाविक आहे.

आणि ठरवल्यावर उशीर करू नका. आपल्याकडे गायीच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्यानेच बंदी आहे, २०१५ मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. म्हणजे गाय कमी करायची तर ती दुसऱ्याच्या दावणीला दुधासाठीच गेली पाहिजे. आटलेल्या आणि रिकाम्या गायीला गिऱ्हाईक नसतं. ती घरीच सांभाळावी लागते किंवा गोशाळेच्या दारात उभं राहावं लागतं, आणि तिथेही जागा मिळेलच असं नाही. गायीला किंमत येते ती दुधात असताना आणि डॉक्टरांनी गाभण सांगितल्यावर. म्हणून गौरीला आम्ही या वेतात गाभण राहिल्याची खात्री झाली की लगेच काढणार आहोत, आटवण्याची वाट न बघता. आमची सहाव्या वेतातली तांबडी मात्र विकायची नाही. एकाच सडाला तीनदा दगडी होऊन तो सड गेला आहे. तिला पुन्हा भरवणार नाही, दूध आहे तोवर काढू आणि मग ती दारातच राहील.

विकताना कानातला बारा अंकी बिल्ला आहे का बघा आणि वहीचं पान गिऱ्हाईकाला दाखवा, उलटण्याच्या तारखांसकट. भाव दोन-चार हजारांनी कमी येईल. पण ज्याच्याकडे माणूस दिवसभर गोठ्यात असतो आणि माज वेळेवर धरता येतो, त्याला वीस लिटरची गाय त्या तारखांसह चालू शकते, आणि पुढच्या वेळी तो पुन्हा आपल्याच दारात येतो.