रिक्रूटरला आभाराचा मेल लिहिताना या चुका टाळा

नोकरी पक्की झाल्यावर रिक्रूटरला लिहिलेला आभाराचा मेल बहुतेक वेळा त्याच्यापुरता राहत नाही. चांगला वाटला तर तो आपल्या मॅनेजरला फॉरवर्ड करतो आणि वर्षअखेरच्या मूल्यमापनात आपल्या कामाचा दाखला म्हणून पुढे ठेवतो. कधी भरती करणाऱ्या विभागाच्या प्रमुखाकडेही तो पोहोचतो. म्हणून मेल लिहिताना प्रत्येक वाक्याला एकच कसोटी लावा: हे वाक्य तिसऱ्या माणसाने वाचलं तर रिक्रूटरला त्याचा फायदा होईल की अडचण? खालच्या बहुतेक चुका या कसोटीवर आपोआप पकडल्या जातात.

"तुमच्यामुळेच नोकरी मिळाली"

मनापासून लिहिलं जाणारं आणि तरीही सर्वांत त्रासदायक ठरणारं वाक्य हेच. निवडीचा निर्णय सहसा मुलाखत घेणाऱ्यांचा आणि त्या विभागाच्या मॅनेजरचा असतो. रिक्रूटर उमेदवार शोधतो, प्राथमिक चाळणी करतो, फेऱ्या जुळवतो, दोन्ही बाजूंचे निरोप पोहोचवतो. "तुम्ही मला सिलेक्ट करून घेतलंत" असं लिहिलं की तिसऱ्या वाचणाऱ्याला वशिल्याचा वास येतो. "काय विचारतील ते तुम्ही आधीच सांगितलंत" हे तर त्याहून वाईट. रिक्रूटरने कदाचित फेरीचं स्वरूप तेवढं सांगितलं असेल, म्हणजे किती वेळ चालेल, कोण बसणार, भर कशावर असेल. ते सांगणं हा त्याच्या कामाचाच भाग आहे. पण मेलमधल्या वाक्यावरून प्रश्न फुटल्यासारखं वाटतं.

निकालाचं श्रेय देऊ नका, त्याने केलेल्या कामाचं द्या. त्याने काय केलं आणि त्याचा तुम्हाला कुठे उपयोग झाला, एवढं सांगितलं की पुरे.

सगळ्यांना चालेल असा मजकूर

"तुमच्या मोलाच्या सहकार्याबद्दल आणि मार्गदर्शनाबद्दल मनःपूर्वक आभार" हा मजकूर कोणत्याही रिक्रूटरला पाठवता येतो, म्हणून तो कोणाच्याच लक्षात राहत नाही. लिहायला बसण्याआधी पहिल्या फोनपासून ऑफरपर्यंतचे मेल आणि मेसेज एकदा वरून खाली वाचा. रेझ्युमेत सुचवलेला बदल, पुढे ढकललेली फेरी, नकार येईल असं वाटत असताना कळवलेली खरी स्थिती, नोटीस पिरियडबद्दल काढलेला मार्ग, असं काहीतरी तिथे सापडतंच. त्यातली एक गोष्ट निवडा, फार तर दोन. पाच गोष्टी लिहिल्या तर एकही ठसत नाही.

एक उदाहरण घेऊ. अकाउंट्स विभागातल्या पदासाठी निवड झालेल्या उमेदवाराचा पहिला मसुदा असा:

> आदरणीय मॅडम, तुमच्यामुळेच मला ही नोकरी मिळाली, तुमचे उपकार कधीच विसरणार नाही. तुम्ही सांगितलेलेच प्रश्न आले. पगारही अपेक्षेपेक्षा जास्त मिळाला. जॉइनिंग एक आठवडा पुढे ढकलता येईल का? माझ्या मित्राचा रेझ्युमेही जोडत आहे.

यात प्रश्न फुटल्याचा संशय आहे, पगाराचा उल्लेख आहे आणि दोन कामंही आहेत. आभार पहिल्या ओळीतच संपले. मॅडमना यातून नेमकं समजतं ते एवढंच, की तारीख बदलायची आहे आणि आणखी एक रेझ्युमे पाहायचा आहे. हाच मेल दुरुस्त करून:

> विषय: आभार – सीनियर अकाउंटंट पदाची भरती प्रक्रिया
>
> नमस्कार मॅडम,
>
> काल ऑफर स्वीकारल्याचा मेल पाठवला. त्यानंतर तुमचे वेगळे आभार मानायचे होते.
>
> मंथ-एंड क्लोजिंगचं माझं काम रेझ्युमेच्या दुसऱ्या पानावर होतं. ते पहिल्या पानावर घ्यायला तुम्ही सुचवलंत आणि दुसऱ्या फेरीतली बरीचशी चर्चा त्याच कामावर झाली. फेऱ्यांमध्ये मोठा खंड पडला तेव्हा प्रक्रिया कुठे अडली आहे हे तुम्ही स्वतःहून कळवलंत, त्यामुळे घाईने दुसरा निर्णय घेतला नाही.
>
> ठरलेल्या तारखेला रुजू होत आहे. या मेलला उत्तराची गरज नाही.

खाली पूर्ण नाव पुरेसं आहे. शेवटची ओळ अनेकांना रूक्ष वाटते, पण दिवसभर मेल उपसणाऱ्या माणसाला ती हवीच असते. वर "मॅडम"च्या आधी नाव घालणार असाल, तर त्याचं स्पेलिंग त्यांच्या मेलच्या सहीतून उचला. ऐकून लिहू नका.

तारखेचा प्रश्न आणि मित्राचा रेझ्युमे हे दोन वेगळे मेल. तारीख लगेच विचारा. रेझ्युमे रुजू झाल्यावर पाठवा, नाहीतर आभार म्हणजे नुसती प्रस्तावना वाटते.

वेळ आणि थ्रेड

तोंडी होकार कळल्याबरोबर आभार मानू नका. आधी लेखी ऑफर येऊ द्या, ती वाचा, ठरलेल्या पद्धतीने स्वीकारा आणि त्यानंतर एक-दोन दिवसांत आभाराचा मेल पाठवा. आभार म्हणजे स्वीकृती नव्हे. "खूप आनंद झाला, धन्यवाद" एवढं लिहून ऑफरवर सही करायची राहिली, तर तिकडे फाइल अडून बसते. पगाराची बोलणी चालू असतील तर ती संपेपर्यंत थांबा.

जुन्या मेलला रिप्लाय करून आभार मानणं सोपं वाटतं, पण त्याखाली सगळा पत्रव्यवहार लटकलेला असतो: सध्याचा पगार, अपेक्षित पगार, कधी दुसऱ्या कंपनीच्या ऑफरचा उल्लेख. रिक्रूटरने तो पुढे पाठवला की तेही पुढे जातं. नवा मेल उघडा आणि फक्त त्यालाच पाठवा. त्याच्या मॅनेजरला स्वतःहून सीसीत घेऊ नका. मेल पुढे पाठवायचा की नाही हे त्यालाच ठरवू द्या. आणि सध्याच्या कंपनीच्या मेल आयडीवरून तर मुळीच पाठवू नका, कारण तो मेलबॉक्स कंपनीचा असतो.

रिक्रूटर कन्सल्टन्सीचा असेल तर आणखी एक छोटा मेल रुजू झाल्यावर पाठवा. कन्सल्टन्सीला फी कंपनीकडून मिळते, ती सहसा उमेदवार रुजू झाल्यावर. तो ठरलेल्या मुदतीआधी सोडून गेला तर बदली उमेदवार देण्याची किंवा फी परत करण्याची अटही अनेक करारांत असते. त्यामुळे "आज रुजू झालो, सगळं सुरळीत आहे" ही एक ओळ त्याच्या खरोखर कामाची आहे. भेटवस्तू पाठवायचा विचार असेल तर सोडून द्या. भेटी घेण्यावर अनेक कंपन्यांत बंधन असतं आणि ती परत करण्याचं अवघड काम त्याच्यावर येतं.

पाठवल्यावर चूक लक्षात आली तर

जीमेलमध्ये पाठवलेला मेल थांबवायला सुरुवातीला 5 सेकंदच मिळतात. Settings → See all settings → General → Undo Send इथे ती मुदत 30 सेकंद करा आणि खाली Save Changes दाबा. आउटलुकचं रिकॉल मात्र एकाच संस्थेतल्या मेलबॉक्सपुरतं चालतं, बाहेरच्या रिक्रूटरकडे गेलेला मेल त्याने परत येत नाही.

नाव चुकलं असेल तर त्याच दिवशी बरोबर नावाने दोन ओळींची दुरुस्ती पाठवा, लांबलचक माफी नको. टायपिंगची किरकोळ चूक तशीच राहू द्या. पगार किंवा मुलाखतीतले प्रश्न लिहून बसला असाल, तर दुरुस्त मेल पाठवून "आधीच्याऐवजी हा ग्राह्य धरावा" एवढं लिहा. म्हणजे फॉरवर्ड करायला त्याच्या हातात योग्य मेल राहील.

आभार मानायला महिना-दोन महिने उशीर झाला असेल तरी मेल पाठवा. उशिराची कारणं देऊ नका, कामाच्या ठिकाणची एखादी खरी गोष्ट सांगून सुरुवात करा. उत्तर आलं नाही तर आठवणीचा मेल मात्र पाठवू नका.

आभार मानून झाल्यावर रुजू न होण्याचा निर्णय घेतलात, तर मेलच्या मागे लपू नका. त्याच दिवशी फोन करा, निर्णय स्पष्ट शब्दांत सांगा आणि मग लेखी कळवा. त्या जागेसाठी थांबवून ठेवलेल्या दुसऱ्या उमेदवाराला तो लगेच फोन करू शकेल.