‘जनहितासाठी बंदी’ : अनुच्छेद १९ वाचताना या चुका टाळा

भाषण व अभिव्यक्तिस्वातंत्र्याविषयी सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे ‘जनहितासाठी’ एवढे कारण लिहिले की सरकारला कोणतेही बोलणे किंवा छापणे रोखता येते, असे गृहीत धरणे. संविधानाच्या अनुच्छेद १९(२) मध्ये निर्बंधाची कारणे मोजून दिलेली आहेत : देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि अपराधाला चिथावणी. या यादीत जनहित नाही.

पुण्याच्या ‘सकाळ’चा खटला याच मुद्द्यावर उभा राहिला. १९५६ चा कायदा आणि त्याखालील १९६० चा आदेश यांनी वृत्तपत्राची किंमत पानांच्या संख्येशी बांधली होती. म्हणजे पाने तेवढीच ठेवायची तर किंमत वाढवावी लागे आणि किंमत तीच ठेवायची तर पाने कमी करावी लागत. मोठ्या पत्रांच्या स्पर्धेपासून लहान पत्रांना संरक्षण मिळावे, हा सरकारचा युक्तिवाद ऐकायला वाजवी वाटतो. मात्र सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळून कायदा व आदेश दोन्ही रद्द ठरवले. व्यवसायावर जनहितासाठी निर्बंध घालण्याची मुभा १९(६) मध्ये आहे. पण किंमत वाढली की खप घटतो आणि पाने घटली की मजकूर घटतो, म्हणून घाव थेट अभिव्यक्तीवर पडतो आणि तिथे १९(६) चे कारण उसने आणता येत नाही.

दुसरी चूक परिपत्रकालाच कायदा समजण्याची आहे. केरळमधील तीन विद्यार्थ्यांना, राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभे राहूनही ते गायले नाही म्हणून, शाळेतून काढण्यात आले होते. १९८६ साली न्यायालयाने त्यांना परत घेण्यास सांगताना शिक्षण खात्याच्या सूचनांना कायद्याचे बळ नसल्याचे स्पष्ट केले. म्हणून बंदीचा कागद हाती आला की तो कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली काढला आहे, हे आधी पाहावे. त्यानंतर ते कारण वरील यादीत बसते का, हे तपासावे.

याच्या उलट, काहीही बोलायला मुभा आहे असे समजण्याची चूक नागरिकही करतात. एखादे मत लोकांना झोंबते म्हणून ते गुन्हा ठरत नाही, हे खरे. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली आणि त्यानंतर दाखल झालेल्या याचिकेवर २०१५ साली आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुरासाठी शिक्षा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द झाले. पण त्याच निकालाने चर्चा आणि समर्थन यांपासून चिथावणी वेगळी काढली. ‘बंद कशासाठी?’ असे विचारणे ही चर्चा आहे, तर ‘उघडी दुकाने आत्ताच फोडा’ असे चौकात जमलेल्या संतप्त जमावाला सांगणे ही चिथावणी ठरू शकते. तसेच, शेजाऱ्यावर चोरीचा खोटा आरोप जाहीरपणे करणाऱ्याला बदनामीच्या खटल्यात अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणाऱ्या १९(१)(अ) ची ढाल पुढे करून सुटता येत नाही.